बंद खात्यातला पैसा

बाजार स्थिरीकरण योजना, म्हणजे आमच्या भाषेत एमएसएस, ही सरकारी पैशाची उधळपट्टी आहे असं मी अनेक वर्षं मानत होतो आणि चारचौघांत बोलतही होतो. मी एका बँकेच्या ट्रेझरीत नोकरी केली. सरकारी रोखे आणि ट्रेझरी बिलं घेणं-विकणं हे माझं रोजचं काम. सरकार बाजारातून साडेसात टक्क्यांनी कर्ज काढतं, ते पैसे रिझर्व्ह बँकेतल्या एका वेगळ्या खात्यात ठेवतं, त्यातला एक रुपयाही खर्च करू शकत नाही आणि तरी व्याज भरतं, हे मला पटत नव्हतं. आज माझं मत वेगळं आहे. ते का बदललं हे सांगण्यासाठी आधी ही यंत्रणा नीट उलगडावी लागेल.

समजा, परदेशी गुंतवणूकदारांनी भारतीय शेअर घ्यायला १०० कोटी डॉलर आणले. बाजारात डॉलर विकणारे वाढले की रुपया महाग होतो. तो फार वेगाने महाग झाला, तर पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीला आणि नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराला त्याच डॉलरचे कमी रुपये मिळतात. म्हणून रिझर्व्ह बँक बाजारात उतरते आणि हे डॉलर विकत घेते. भाव ४० रुपये धरू. बँकांना ४,००० कोटी रुपये मिळतात. हे रुपये कुठून आले? रिझर्व्ह बँकेने ते नव्याने निर्माण केले. बँकांच्या तिच्याकडच्या खात्यांत तेवढी रक्कम जमा झाली, एवढंच. पण हा पैसा साधा नसतो. त्याच्या पायावर बँका कर्ज देतात, ते कर्ज दुसऱ्या बँकेत ठेव म्हणून येतं, त्यातून पुन्हा कर्ज दिलं जातं. त्या काळात एकूण पैसा या पायाच्या चार-पाच पट असे. म्हणजे हे ४,००० कोटी तसेच सोडले, तर व्याजदर पडतात आणि पुढे महागाईला वाव मिळतो.

म्हणून रिझर्व्ह बँक एका हाताने सोडलेले रुपये दुसऱ्या हाताने परत घेते. यालाच स्टरिलायझेशन म्हणतात. सर्वांत जुनी रीत म्हणजे स्वतःच्या तिजोरीतले सरकारी रोखे बँकांना विकायचे. बँका त्याचे पैसे रिझर्व्ह बँकेतल्या आपल्या खात्यातून चुकवतात आणि ते ४,००० कोटी नाहीसे होतात. ही रीत सोपी आहे, पण ती तिजोरीत रोखे असेपर्यंतच चालते. २००२ पासून डॉलरचा ओघ असा वाढला की मार्च २००३ मध्ये सुमारे ७६ अब्ज डॉलर असलेली परकीय गंगाजळी वर्षभरात ११३ अब्जांवर गेली. रोख्यांचा साठा त्याच वेगाने आटत होता. रोज बँकांचे पैसे रिव्हर्स रेपोने ठेवून घ्यायचे, तरी तारण म्हणून रोखेच द्यावे लागतात. स्वतःचे रोखे काढायला रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात वाव नव्हता.

उषा थोरात यांच्या अध्यक्षतेखालच्या कार्यगटाने यावर विचार केला. वाय. व्ही. रेड्डी गव्हर्नर असताना, मार्च २००४ मध्ये, सरकार आणि रिझर्व्ह बँकेत करार झाला आणि १ एप्रिलपासून एमएसएस सुरू झाली. पहिली मर्यादा ६०,००० कोटींची होती. सरकार नेहमीसारखीच बिलं आणि रोखे विकणार, पण या विक्रीचे पैसे वेगळ्या खात्यात जाणार आणि त्या रोख्यांची मुदत संपली की ते फेडण्यासाठी किंवा आधीच परत विकत घेण्यासाठीच बाहेर येणार. आम्हा डीलर मंडळींच्या लेखी त्या बिलात आणि साध्या बिलात काडीचा फरक नव्हता. लिलावाच्या सूचनेत एमएसएसचा हिस्सा वेगळा लिहिलेला असे, पण बोली एकच, कट-ऑफ एकच आणि एसएलआरमध्ये मोजणीही तशीच.

आता माझ्या आक्षेपाकडे येतो. वरच्या उदाहरणात सरकारने ४,००० कोटींची बिलं साडेसात टक्क्यांनी विकली, तर वर्षाला ३०० कोटी व्याज. रिझर्व्ह बँकेने ते डॉलर अमेरिकी रोख्यांत गुंतवले आणि त्यावर साडेचार टक्के मिळाले, तर १८० कोटी. देशाच्या खिशातून १२० कोटी गेले, तेही अमेरिकेला स्वस्तात कर्ज देण्यासाठी. यापेक्षा जुनी रोखेविक्रीच बरी, त्यात सरकारला काही भरावं लागत नाही, असं मी म्हणत असे.

एकदा मी दोन्ही रीती कागदावर शेजारी शेजारी मांडल्या आणि तिथेच अडलो. जुन्या रीतीत रिझर्व्ह बँक ४,००० कोटींचे रोखे विकते. त्या रोख्यांवर तिला मिळणारं ३०० कोटी व्याज आता बँकांना मिळतं. बदल्यात तिच्याकडे डॉलर आले, त्यांचे १८० कोटी. म्हणजे तिचं उत्पन्न १२० कोटींनी घटलं. रिझर्व्ह बँक आपला उरलेला नफा दरवर्षी सरकारलाच देते, म्हणून सरकारकडे १२० कोटी कमी आले. आकडा तोच, भरणाराही तोच. फरक एवढाच की जुन्या रीतीत हा खर्च रिझर्व्ह बँकेच्या घटलेल्या नफ्यात विरघळून जातो आणि संसदेत त्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही. एमएसएसमध्ये तो अर्थसंकल्पात स्वतंत्र ओळीवर येतो, आणि मर्यादा वाढवायची तर सरकारची संमती घेऊन ते जाहीर करावं लागतं. ज्या खर्चावर मी रागावलो होतो तो एमएसएसने निर्माण केला नव्हता. तो डॉलर विकत घेण्याचा खर्च होता, या योजनेने फक्त उजेडात आणला.

तरीही एक शंका उरलीच: परत घेतलेच नाहीत हे रुपये तर काय बिघडेल? त्याचं उत्तर २००७ च्या पावसाळ्याने दिलं. मार्चमध्ये रिझर्व्ह बँकेने रिव्हर्स रेपोवर दिवसाला ३,००० कोटींची मर्यादा घातली होती. त्याहून जास्त पैसा बँकांकडे उरला, तर तो तिथे ठेवता येत नव्हता. जुलैमध्ये डॉलरचा लोंढा आला आणि रिझर्व्ह बँकेने एका महिन्यात अकरा अब्जांहून अधिक डॉलर घेतले, रुपयांत सुमारे ४५,००० कोटी. एमएसएसची विक्री त्या वेगाने होत नव्हती. रिव्हर्स रेपोचा दर ६ टक्के होता, पण एका रात्रीसाठी बँका एकमेकींना पैसे देतात तो कॉल रेट एक टक्क्याच्याही खाली घसरला. डीलिंग रूममध्ये पैसे फुकट देऊ केले तरी घेणारा सापडेना. स्टरिलायझेशन अपुरं पडतंय हे ओळखण्याची यापेक्षा स्वच्छ खूण नाही: कॉल रेट रिव्हर्स रेपोच्या खाली जाऊन तिथेच रेंगाळतो. ऑगस्टच्या सुरुवातीला ती ३,००० कोटींची मर्यादा उठवली, एमएसएसची मर्यादा १,५०,००० कोटी केली, आणि कॉल रेट पुन्हा सहाच्या आसपास आला. नोव्हेंबरपर्यंत ही मर्यादा २,५०,००० कोटींवर गेली.

माझं मत खऱ्या अर्थाने पालटलं ते पुढच्या वर्षी. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली आणि आलेले डॉलर परत जाऊ लागले. आता रुपया कोसळत होता, म्हणून रिझर्व्ह बँक डॉलर विकत होती. डॉलर विकले की बदल्यात रुपये तिच्याकडे येतात, म्हणजे बाजारातून नाहीसे होतात, तेही नेमके बँका रोकडीसाठी कासावीस असताना. कॉल रेट भडकले. त्या वेळी सीआरआर ९ टक्क्यांवरून जानेवारी २००९ पर्यंत ५ टक्क्यांवर आणला गेला, हे सगळ्यांना आठवतं. पण त्याच्या जोडीने एमएसएसचं बंद खातं उघडलं गेलं. मार्च २००८ अखेरीस त्यात सुमारे १,६८,००० कोटी होते. मुदत संपलेली बिलं नव्याने विकली नाहीत, काही रोखे मुदतीआधीच परत विकत घेतले आणि तो पैसा बँकांच्या खात्यांत परतला. ज्या पैशाला मी निरुपयोगी म्हणत होतो, तो भरभराटीत बाजूला काढलेला साठा होता. डॉलर परत फिरले तेव्हा तोच दरवाजा उलट दिशेने उघडला. शिवाय ४० च्या भावाने घेतलेले डॉलर तेव्हा ५० च्या आसपास विकले जात होते. माझ्या १२० कोटींच्या हिशेबात ही बाजू कधी आलीच नव्हती.

म्हणून काही मी या रीतीचा आंधळा समर्थक झालेलो नाही. तिची एक मर्यादा फार खोल आहे. डॉलर आल्यामुळे व्याजदर पडले असते, तर आणखी डॉलर येण्याचं आकर्षण कमी झालं असतं. स्टरिलायझेशन ते पडूच देत नाही. सप्टेंबर २००७ पासून अमेरिकेने व्याजदर सव्वापाच टक्क्यांवरून खाली आणायला सुरुवात केली, आपला रेपो दर पावणेआठवर होता. दरी रुंदावली, तसा परदेशातून स्वस्त कर्ज काढून इथे आणण्याचा मोह वाढला आणि रिझर्व्ह बँकेला आणखी डॉलर घ्यावे लागले. त्याआधी ऑगस्टमध्येच मोठ्या परकीय कर्जांचे पैसे देशात आणण्यावर निर्बंध घालावे लागले होते, तेही याच मोहामुळे. थोड्या महिन्यांच्या लाटेला ही रीत पुरते. वर्षानुवर्षं रुपया एका पातळीवर धरून ठेवायला ती पुरत नाही, आणि तसं करू पाहणाऱ्याला व्याजाचा बोजा दरवर्षी वाढताना दिसेल.

आणि सीआरआरबद्दल माझं मत मात्र पूर्वीहून कडक झालंय. २००७ च्या अखेरीपर्यंतच्या वर्षभरात तो ५ टक्क्यांवरून साडेसातवर नेला होता. अर्धा टक्का वाढवला की तेव्हा पंधरा-सोळा हजार कोटी बाजारातून जात. परिणाम एमएसएससारखाच, पण मार्च २००७ पासून सीआरआरवर बँकांना व्याजच मिळेनासं झालं. ठेवीदाराला आठ टक्के द्यायचे आणि त्या ठेवीतला साडेसात टक्के भाग बिनव्याजी ठेवायचा, तर बँक तो तोटा कुठून भरून काढणार? ठेवीचा दर थोडा खाली, कर्जाचा दर थोडा वर. डॉलर घेण्याचा खर्च इथेही होताच, पण तो साताऱ्यातल्या ठेवीदाराने आणि घरकर्ज फेडणाऱ्याने भरला, आणि अर्थसंकल्पाच्या कुठल्याही पानावर तो छापला गेला नाही. एमएसएसची मर्यादा आणखी लवकर वाढवली असती, तर त्या वर्षी सीआरआर इतका वर न्यावा लागला नसता, असं मला आज वाटतं.