पाहुण्यांचं वायफाय बाहेर, आपलं आत

हेमलकशात हिवाळ्यात पाहुण्यांची वर्दळ असते. लोक बिरादरी प्रकल्प बघायला नागपूर-पुण्याकडून मंडळी येतात, त्यांतली काही माझ्याकडच्या दोन खोल्यांत उतरतात. आलापल्ली सुटल्यापासून मोबाइलची रेंज येत-जात राहते. त्यामुळे पाणी प्यायच्या आधी प्रश्न येतो, "भाऊ, वायफायचा पासवर्ड काय?"

पासवर्ड सांगण्यात अडचण कंजूषपणाची नव्हती. समोरच्या खोलीत मी ऑनलाइन फॉर्म भरून देतो. जातीचे दाखले, शिष्यवृत्ती, आधारच्या प्रती असं गावातल्या लोकांचं सगळं त्या कॉम्प्युटरच्या एका शेअर फोल्डरमध्ये असतं. प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डरही त्याच नेटवर्कवर. शिवाय एकदा दिलेला पासवर्ड पाहुण्यासोबत निघून जात नाही. अँड्रॉइड फोनमध्ये जोडलेलं वायफाय क्यूआर करून कुणालाही देता येतं, आणि त्या चौकोनात पासवर्ड उघडाच लिहिलेला असतो:

```
WIFI:T:WPA;S:Pahune;P:the-password;;
```

म्हणजे एकाला दिला की अख्ख्या गाडीला मिळाला. बदलायचा म्हटलं तर प्रिंटर, रेकॉर्डर, घरातले सगळे फोन पुन्हा जोडत बसा.

यावर गेस्ट नेटवर्क हा उपाय सगळ्यांना माहीत आहे. फायबर ज्या डब्यात येते तो मॉडेम बाहेरच्या पडवीत आहे आणि फॉर्मच्या खोलीत वेगळा राउटर. राउटरच्या पानावर गेस्ट नेटवर्क चालू केलं, वेगळं नाव, वेगळा पासवर्ड दिला. मग एक जुना फोन त्यावर जोडून ब्राउझरमध्ये प्रिंटरचा पत्ता टाकला, `192.168.1.20`. प्रिंटरचं पान उघडलं! शाईची पातळी, छापलेल्या कामांची यादी, सगळं पाहुण्याच्या वायफायवरून दिसत होतं.

कारण तपासायला फार लागलं नाही. फोनला मिळालेला पत्ताही `192.168.1` याच मालिकेतला होता. राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये होता. या मोडमध्ये तो स्वतः पत्ते वाटत नाही. आलेलं सगळं मॉडेमकडे ढकलतो. अशा वेळी बऱ्याच स्वस्त राउटरांत गेस्ट म्हणजे त्याच घराचं दुसरं दार ठरतं. बाहेर पाटी वेगळी, आत तीच ओसरी. सारखी मालिका दिसली म्हणजे वेगळेपण नाहीच असं नाही, काही उपकरणं तरीही अडवतात. म्हणून मालिकेवर न थांबता प्रिंटर उघडतो का, हेच बघावं.

मी राउटर पुन्हा राउटर मोडमध्ये आणला आणि मॉडेमकडून येणारी वायर त्याच्या लॅन पोर्टातून काढून वॅनमध्ये घातली. आता तो स्वतःची `192.168.0` मालिका वाटू लागला. प्रिंटर, रेकॉर्डर, कॉम्प्युटर सगळं त्याच्यामागे नेलं. पाहुण्यांना मात्र पडवीतल्या मॉडेमचं वायफाय.

बरेच जण हे नेमकं उलटं करतात. मॉडेमवर आपण आणि नवा राउटर पाहुण्यांना, "वेगळा डबा दिला ना!" म्हणतात. पण आतल्या राउटरमागचं उपकरण बाहेरच्या नेटवर्ककडे जाऊ शकतं. बाहेरच्याला आत यायला राउटर वाट देत नाही. त्यामुळे पाहुणा आत बसवला तर त्याला आपलं सगळं दिसतं, आपल्याला त्याचं काही नाही. जपायचं ते आत, ओळख नसलेलं बाहेर.

जुना फोन पुन्हा जोडून पाहिला. `192.168.0.20` हा प्रिंटरचा नवा पत्ता उघडला नाही. मॉडेमचं `192.168.1.1` मात्र उघडलं, कारण पाहुणे थेट त्याच्याच अंगणात आहेत. म्हणून मॉडेमच्या लॉगिनचा स्टिकरवर छापलेला पासवर्ड तेवढ्यातच बदलला. हे राहिलं तर कुणीही पोरगं बसल्या बसल्या माझ्या वायफायचं नाव बदलून ठेवेल.

एक गोष्ट या रचनेत जमत नाही. पाहुण्यांच्या वेगाला लगाम घालायचा तर तो मॉडेमवरच घालावा लागतो आणि माझ्या मॉडेमला ती सोयच नाही. आतला राउटर बाहेरच्यांना काय आवरणार? दिवसभर काढलेले फोटो रात्री फोनांमधून आपोआप वर चढू लागले की फॉर्मच्या साइटवरचं चाक फिरतच राहतं. तेव्हा फोटोंचा बॅकअप बंद ठेवायला सरळ सांगतो. बहुतेक जण ऐकतात. आणि कनेक्शन माझ्या नावावर आहे, त्यामुळे नेटवर्क वेगळं असलं तरी त्यावरून कुणी काय केलं याची विचारणा आधी माझ्याकडेच येणार. म्हणून गट गेला की पाहुण्यांचा पासवर्ड बदलतो. क्यूआरचा नवा कागद छापून चिकटवला की झालं, घरातलं एकही यंत्र हलत नाही.

परतीचं तिकीट छापायचं असलं की कुणीतरी फोन पुढे करतं, "तुमचा प्रिंटर दिसत नाही यात." दिसणार नाहीच. व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणतो, मी आतून छापून देतो.