बालाघाटच्या परसातील पांढरे पक्षी

गोंदियाहून बालाघाटकडे जाणारी नॅरो गेजची चिमुकली गाडी आता राहिली नाही. तिच्या जागी ब्रॉडगेज आली आणि चाळीस किलोमीटरांचा तो रमतगमत होणारा प्रवास पाहता पाहता संपू लागला. खिडकीबाहेरचा देखावा मात्र फारसा पालटलेला नाही. धानाच्या बांध्या, मधूनच एखादा तलाव, त्याच्या पाळीवर उभे असलेले बगळे, आणि पुढे वैनगंगेचे रुंद पात्र. २०२१ साली ज्याला भौगोलिक मानांकन मिळाले तो सुवासिक चिन्नोर तांदूळ ह्याच जिल्ह्यातला. जेथे धान आणि तलाव आहेत तेथे पाणपक्षी असणारच. रानटी पक्ष्यांत अडई आहे, हिवाळ्यात येणारा चक्रवाक आहे, आणि काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा व कपाळाशी तांबडा ठिपका असलेले, मराठीने ज्याला मोठ्या कौतुकाने हळदी-कुंकू हे नाव दिले ते बदकही आहे. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय रानातील नव्हे, तर परसातील पक्षी होत.

हल्ली वारासिवनी-लांजीकडच्या आप्तांकडून मोबाइलवर जी छायाचित्रे येतात त्यांत नातवंडांच्या खालोखाल परसातील पक्ष्यांची संख्या असते. “काकू, ही राजहंसाची जोडी घेऊ का?” असा प्रश्न त्यासोबत असतो. प्रश्न दिसतो तितका साधा नाही. विकणारा ज्याला राजहंस म्हणतो तो पुष्कळदा बदक निघतो, आणि दोघांच्या किमतीत, खाण्यात व अंडी उबण्याच्या दिवसांत अंतर असते. त्यातून पक्षी पांढरा असला म्हणजे रंगाचा आधारच सुटतो. मग चोच, मान आणि आकार ह्यांवरूनच ओळख पटवावी लागते.

प्रथम चोच पाहावी. बदकाची चोच पसरट व चपटी असते; बाजूने पाहिले तर ती कपाळापासून हलकेच खोलगट होत पुढे जाते. हंसाची चोच मुळाशी उंच, जाड आणि टोकाकडे निमुळती असते, कारण त्याचा मुख्य आहार गवत, आणि ते खुडायचे तर कातरीसारखी चोच हवी. ह्याच्या जोडीला मानेवरील पिसे पाहावीत. पाळीव हंसाच्या मानेवर पिसांच्या उभ्या सऱ्या पडलेल्या असतात, जणू ओल्या मातीवरून कुणी फणी फिरवावी. बदकाची मान गुळगुळीत असते. छायाचित्र थोडे अस्पष्ट असले, चोच चिखलाने माखलेली असली, तरी ह्या सऱ्या बहुधा दिसतात, म्हणून माझा भरवसा चोचीपेक्षाही त्यांवर अधिक आहे.

(येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. रविवर्म्याच्या दमयंतीपुढे जो डौलदार लांब मानेचा शुभ्र पक्षी आहे, तो इंग्रज ज्याला स्वॉन म्हणतात तो होय. आपल्या परसातला ‘राजहंस’ त्याहून आखूड मानेचा, कलकलाट करणारा पक्षी आहे. चित्र मनात ठेवून परसात गेलेल्याची निराशा ठरलेली.)

हंस हे ठरल्यावर कपाळाकडे पाहावे. चोचीच्या मुळाशी गाठ असेल तर तो चिनी हंस. त्याचे रानटी पूर्वज पूर्व आशियातले. पांढऱ्या जातीत ही गाठ नारिंगी असते. तपकिरी जातीत चोच व गाठ दोन्ही काळ्या, आणि मानेच्या मागच्या बाजूने एक गडद पट्टा उतरतो. गाठीसोबत हनुवटीखाली लोंबती कातडी आणि अवजड शरीर असेल तर त्याला आफ्रिकन म्हणतात, जरी तो मूळचा आफ्रिकेचा नाही. गाठ मुळीच नसेल तर युरोपीय घराण्यातला हंस समजावा: पांढरा एम्डेन, करडा टुलूझ. चिनी हंस चार-पाच किलोंचा, तर एम्डेन आठ किलोंच्या पुढे जातो. मात्र कोवळ्या वयात आणि मादीत गाठ लहान असते, व समोरून काढलेल्या छायाचित्रात ती बिलकुल दिसत नाही. ‘एम्डेन’ म्हणून चिनी हंस गळ्यात पडतो तो असा.

आता बदकांकडे वळू. पाळीव बदकांच्या जवळजवळ सर्व जाती एकाच हिरव्या डोक्याच्या रानबदकापासून निपजल्या आहेत. त्यांतील तीन आपल्याकडे नेहमी भेटतात. सोडावॉटरच्या बाटलीसारखे उभे राहणारे, डुलत न चालता धावत सुटणारे ते इंडियन रनर. खाकी अंगाचे, दोन-सव्वादोन किलोंचे, वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देणारे ते खाकी कॅम्पबेल. त्याच्या नराचे डोके कांस्यासारखे हिरवट झळकते. आणि शुभ्र, भरदार, नारिंगी चोचीचे, साडेतीन-चार किलोंचे ते पेकिन. ह्या घराण्यातील वयात आलेल्या नराच्या शेपटीवर दोन-चार पिसे वर वळलेली असतात. पिसे झडण्याच्या काळात ती गळून पडतात, आणि रंगीत जातींचा नर त्या वेळी मादीसारखाच मळकट दिसतो. म्हणून पावसाळ्यातील छायाचित्रावरून नर-मादी ठरविण्याची घाई करू नये.

राहिले एक बदक, आणि सारा घोटाळा त्याच्यापायी होतो. मस्कव्ही बदक ह्या घराण्यातले मुळी नव्हेच. त्याचे मूळ मध्य व दक्षिण अमेरिकेत. मॉस्कोशी त्याचा काही संबंध नाही. डोळ्यांभोवती आणि चोचीच्या मुळाशी लाल, पुरळासारखी मांसल कातडी, आडवे लांबट शरीर, रुंद व सपाट शेपटी, बोटांना तीक्ष्ण नख्या. ते क्वॅक-क्वॅक ओरडत नाही, फुसफुसते, आणि झाडावर किंवा गोठ्याच्या छपरावर बेधडक जाऊन बसते. नर पाच किलोंपर्यंत वाढतो, मादी त्याच्या निम्मीच. त्यामुळे एकाच चित्रातील हे दाम्पत्य पाहणाऱ्याला दोन निराळ्या जाती वाटतात. ह्यांची रानातल्या नकट्याशीही गल्लत होते. नकट्याच्या नराच्या चोचीवर उभा तुरा असतो, पण चेहऱ्यावर लाल कातडी नसते.

हा भेद केवळ हौसेचा नाही. इतर बदकांची अंडी २८ दिवसांत उबतात, मस्कव्हीला ३५ दिवस लागतात. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवणारी गृहिणी २८ दिवस मोजते, आणखी दोन दिवस वाट पाहते आणि ‘अंडी नासली’ म्हणून उकिरड्यावर टाकते. त्या वेळी आत जिवंत पिलू असते.

गतवर्षी माघात वारासिवनीजवळच्या आमच्या एका भाचीने असेच एक छायाचित्र पाठविले. शेजारगावच्या परसातून तिला आठ अंडी मिळणार होती. चित्रात एक घमेले आणि त्याच्याभोवती तीन पांढरे पक्षी. विकणारा म्हणत होता, एक राजहंस, बाकीची बदके, आणि अंडी बदकांची. पहिल्याची मान सऱ्यांची, कपाळावर नारिंगी गाठ: पांढरा चिनी हंस, वाद नाही. दुसरा घमेल्याच्या मागे उभा, छाती वर, चोच नारिंगी, शेपटीवर वळलेली पिसे: पेकिन, आणि नर. तिसरा पक्षी आडवा, शेपटी लांब, चोच गुलाबी, डोळ्याजवळ पुसटशी लाली. तो घमेल्याच्या पुढे असल्यामुळे पेकिनहून मोठा वाटत होता. मोबाइलच्या छायाचित्रात जवळची वस्तू अकारण थोर होते. घमेल्याच्या काठाशी मोजून पाहता तो लहानच निघाला. अर्थात मस्कव्हीची मादी.

आता पंचाईत पाहा. परसात एकच बदकी मस्कव्ही, आणि दिसणारा नर पेकिन. ह्या दोन घराण्यांचा संकर होतो, पण अशी अंडी क्वचितच फळतात, आणि पिले झालीच तर खेचरासारखी वांझ निघतात. भाचीला पुढे वंश वाढवायचा होता; तिच्या दृष्टीने ती अंडी निरुपयोगी. मी तिला कळविले, “पैसे देऊ नकोस. संध्याकाळी, पक्षी घरी परतल्यावर, सगळ्या परसाचे चित्र काढून धाड.” दुसऱ्या चित्रात गोठ्याच्या कौलांवर, लाल तोंडाचा, चांगला दुप्पट आकाराचा मस्कव्ही नर आरामात बसलेला होता.

मग अंडी घेतली. खुडूक कोंबडी स्वतःच्या अंड्यांवर एकवीसच दिवस बसते, म्हणून तिसऱ्या आठवड्यात दुसरी खुडूक कोंबडी तिच्या जागी बसविली. कोंबडीचे अंग बदकीसारखे ओले नसते, ह्यास्तव मधून मधून कोमट पाण्याचा हलका शिडकावा केला. आठव्या दिवशी अंधारात दिव्यापुढे धरता दोन अंड्यांत शिरा दिसल्या नाहीत, ती काढली. तिसाव्या दिवशी सासूबाईंनी उकिरड्याची गोष्ट काढलीच. संकराची पिले असती तर बत्तिसाव्या दिवसाच्या सुमारास फुटली असती. तो दिवसही गेला. पस्तिसाव्या दिवशी पाच पिले बाहेर आली.

टर्कीविषयी थोडक्यात. तिला इतर कुणी समजण्याचा संभव नाही: उघडे डोके, मानेवर गाठी, चोचीवरून लोंबणारी मांसल सोंड. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेला टर्की पाहून जहांगीर इतका चकित झाला की त्याच्या डोक्या-मानेचे पालटणारे रंग त्याने आपल्या आठवणींत सरड्याशी ताडून लिहून ठेवले आणि मन्सूरकडून त्याचे चित्र काढवून घेतले. जाती मात्र पिसांवरूनच ओळखायच्या. तांब्याची झळक असलेली गडद ती ब्राँझ. तीच झळक पोलादी करडी असेल तर नॅरागॅन्सेट. तांबूस अंग आणि पांढरे पंख-शेपटी असल्यास बोर्बन रेड. पांढऱ्या टर्कीत बेल्ट्सव्हिलची लहान जात व रुंद छातीची थोराड जात दिसायला सारख्याच, फरक वजनाचा. नर पिसे फुलवून उभा असला तर वजनाचा अंदाज सपशेल चुकतो, म्हणून पिसे मिटलेली असतानाचे चित्र मागवावे.

किंबहुना कोणत्याही पक्ष्याचे चित्र मागविताना इतके सांगावे: खाली बसून, पक्ष्याच्या उंचीवरून, एका बाजूने काढ, चोच धुतलेली असू दे, शेजारी एक वीट ठेव. तीन-चार महिन्यांच्या आतील पिलांचे चित्र मात्र मागवू नये. त्यांच्या कपाळावर ना गाठ आलेली असते, ना चेहऱ्यावर लाली.