भात खरेदी केंद्रासाठी पत्र लिहिताना

आज पिकाबद्दल नाही, एका पानाच्या पत्राबद्दल लिहितो.

अकोल्याच्या पश्चिम पट्ट्यात भात काढणीला आला की दोन-तीन आठवड्यांत घरात पैसा लागतोच. सरकारी खरेदी केंद्र जवळ नसलं की माणूस खळ्यावरच व्यापाऱ्याला माल देतो. 2025-26 च्या खरीप हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये, पण काटाच लावला नाही तर त्या आकड्याचा काय उपयोग? म्हणून आमच्या आदिवासी सहकारी संस्थेनं केंद्राची मागणी करायचं ठरवलं. आपल्या भागात ही खरेदी शासनातर्फे आदिवासी विकास महामंडळ करतं, मुख्यालय नाशिकला. प्रस्तावासोबतचं पत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात आलं.

मी तीन पानं भरली. पाऊस, वाहतूक, व्यापारी, सगळं आलं. वर लिहिलं, "मा. श्री. साहेब". गावातले निवृत्त अव्वल कारकून आमचे नाना, त्यांना दाखवलं. म्हणाले, "बाबा, हे पत्र नाही, गाऱ्हाणं आहे. पत्र वाचणाऱ्याला दोनच गोष्टी आधी लागतात, विषय काय आणि कशाच्या आधारे."

मग बसून एकेक ओळ दुरुस्त केली.

पहिली गोष्ट पत्ता. पत्र पदाला लिहायचं, माणसाला नाही. साहेब बदलून गेले तरी पद तिथंच असतं. "मा." पदापुढं लावायचं, "श्री." नावापुढं. शिवाय नाशिकला थेट टाकलेला कागद अभिप्रायासाठी खालच्या कार्यालयातच येतो. म्हणून "मार्फत" लिहून तो खालच्या कार्यालयातूनच वर पाठवायचा.

दुसरी गोष्ट संदर्भ. इथं मी मोठी चूक केली होती. मागच्या वर्षीच्या फाईलमधला शासन निर्णय तसाच उतरवला होता. धान खरेदीचा शासन निर्णय प्रत्येक पणन हंगामाला वेगळा निघतो. नाना म्हणाले, "जुना संदर्भ दिलास म्हणजे जुन्या हंगामाचं केंद्र मागितलंस." आता विभागाचं नाव, निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक मूळ प्रत समोर ठेवूनच लिहितो. दुसरा संदर्भ संस्थेच्या ठरावाचा. त्याला क्रमांक आणि सभेची तारीख हवीच.

तिसरी गोष्ट आकडे. पत्रात मी 84 शेतकरी लिहिले होते. जोडलेल्या यादीत नावं निघाली 81. तिघांच्या सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंदच नव्हती, म्हणून यादी करताना गळाली होती. पत्र आणि सहपत्र जुळलं नाही की पुढचे सगळे आकडे संशयात येतात. 81 जणांचं क्षेत्र 60 हेक्टर, हेक्टरी 25 क्विंटल धरले तर 1,500 क्विंटल धान. आमचं गोदाम 100 टनांचं, म्हणजे 1,000 क्विंटलचं. उरलेल्या 500 क्विंटलचं काय, हे वाचणारा विचारणारच. म्हणून धानाची उचल वेळेत व्हावी, ही ओळ आपणच घातली.

शेवटी पत्र असं झालं:

जा.क्र. …/2025          दिनांक: …
प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र राज्य सहकारी आदिवासी विकास महामंडळ मर्यादित, नाशिक
मार्फत: मा. … व्यवस्थापक, …
विषय: खरीप पणन हंगाम 2025-26 मध्ये मौजे …, ता. अकोले येथे धान खरेदी केंद्र मंजूर होणेबाबत.
संदर्भ: 1) शासन निर्णय, अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग, क्र. …, दि. …
2) संस्थेचा ठराव क्र. …, दि. …
महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, संस्थेच्या कार्यक्षेत्रातील 81 शेतकऱ्यांकडे अंदाजे 1,500 क्विंटल धान विक्रीस उपलब्ध होईल. संस्थेकडे 1,000 क्विंटल क्षमतेचे गोदाम, मुद्रांकित वजनकाटा व आर्द्रतामापक आहे. उर्वरित धानासाठी वेळेत उचल मिळाल्यास खरेदी अखंड राहील. तरी केंद्रास मंजुरी मिळावी, ही विनंती.
आपला विश्वासू,
(सही, शिक्का) अध्यक्ष
सहपत्रे: 1 ते 5

"महोदय" छापून टाकण्याआधी त्या पदावर बाई आहेत का ते विचारून घ्या, मग "महोदया".

अजून एक आपल्या भागापुरतं. संस्थेच्या नोंदणी प्रमाणपत्रावर अजून "अहमदनगर" आहे आणि नवीन कागदांवर "अहिल्यानगर". पत्रात "जि. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर)" लिहिलं की दोन्ही कागद एकाच संस्थेचे दिसतात. पिन 422601 न विसरता टाका, नाहीतर अकोले आणि विदर्भातलं अकोला यात टपाल चुकायला वेळ लागत नाही.

आणि पत्र देताना दुसरी प्रत सोबत न्या. तिच्यावर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय परत फिरू नका. पुढचं स्मरणपत्र लिहाल तेव्हा तोच तुमचा पहिला संदर्भ असेल.