तपासता येईल तेवढेच लिहावे

अप्रेझलमध्ये अन्याय झाला असे वाटले की एचआरला पाठवायच्या पत्रात आधी येतो तो साहेबांचा हेतू: त्यांचा आकस आहे, त्यांनी मर्जीतल्यांना वर चढवले. हे खरेही असेल. पण पत्र वाचणाऱ्याला कुणाचे मन तपासता येत नाही. वर्षारंभी ठरलेले केआरए, सहामाही आढावा आणि अंतिम शेरा मात्र त्याला शेजारी ठेवून पाहता येतात. म्हणून तक्रार या कागदांतल्या विसंगतीची असावी, माणसाची नव्हे.

समजा, सपोर्ट टीममधल्या एकीला ९० टक्के तिकिटे मुदतीत सोडवायची होती आणि नव्या सहकाऱ्यांना प्रशिक्षणही द्यायचे होते. मार्चअखेरच्या अहवालात आकडा ९४ आहे, ऑक्टोबरच्या आढाव्यात ‘अपेक्षेप्रमाणे’ असे लिहिले आहे, तरी रेटिंग मिळाले ५ पैकी २ आणि शेरा ‘पुढाकार कमी’. तिने एवढेच लिहावे: “तिकिटांचे उद्दिष्ट पूर्ण झाले. नव्या सहकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट अपुरे राहिले. ऑक्टोबरमध्ये पुढाकाराविषयी काही नोंदवलेले नाही. हा शेरा कोणत्या कामाबद्दल आहे ते लेखी कळवावे आणि रेटिंगचा फेरविचार व्हावा.” सोबत तिन्ही कागद जोडावेत. अपुऱ्या उद्दिष्टाचा उल्लेख टाळू नये. ते फाइलमध्ये दिसणारच, आणि लपवले तर बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

यावर कुणी म्हणेल, रेटिंग बेल कर्व्हमुळे खाली आले, तिथे पुराव्याचा काय उपयोग? उपयोग आहे. साहेबांनी मुळात दिलेले रेटिंग कोणते आणि नॉर्मलायझेशनमध्ये ते बदलले का, हे तेव्हा नेमके विचारता येते. बदलले असेल, तर ‘पुढाकार कमी’ हे त्या बदलाचे कारण ठरत नाही. सहकाऱ्याचे नाव घेऊन तुलना मात्र करू नये. त्याच्या कामाचे कागद आपल्याकडे नसतात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: आकस खरा असेल तर गप्प बसायचे का? मुळीच नाही. भेदभावाचा किंवा छळाचा पुरावा असेल तर ती वेगळी तक्रार आहे. लैंगिक छळाची असेल तर ती अंतर्गत समितीकडे जाते आणि तिला मुदतही असते. रेटिंगच्या पत्रात ती ओझरती घातली, तर दोन्ही तक्रारी कमजोर होतात.

हेतू सिद्ध न करताही अन्याय दाखवता येतो, हे २००८ च्या देव दत्त खटल्यात दिसले. त्या सरकारी अभियंत्याच्या गोपनीय अहवालातला शेरा ‘चांगला’ होता, पण बढतीला ‘अतिशय चांगला’ लागत होता आणि ती नोंद त्याला कळवलीच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, प्रत्येक नोंद कळवा, म्हणजे कर्मचाऱ्याला त्यावर निवेदन देता येईल. हा निकाल सरकारी सेवेबद्दलचा आहे. खासगी कंपनीत तिचे स्वतःचे धोरणच पाहावे लागते. पण त्यामागचे तत्त्व दोन्हीकडे पटण्यासारखे आहे: ज्या शेऱ्यावर माणसाची पगारवाढ किंवा बढती अडते, त्याचे कारण त्याला कळले पाहिजे. आरोपाला नकार देऊन विषय संपवता येतो; कागदावरच्या प्रश्नाला कागदावरच उत्तर द्यावे लागते.