परत ठेवले की नाही?

पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मी एका महाविद्यालयात प्राध्यापकांच्या हाताखाली अध्यापन सहायक होते. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे काम माझ्याकडे असे. संभाव्यतेच्या चाचणीनंतर, तपासणी सुरू होण्यापूर्वीच, एका विद्यार्थिनीची चिठ्ठी माझ्या हाती आली.

प्रश्न असा होता: ‘एका टोपलीत 5 पिकलेली व 3 हिरवी संत्री आहेत. न पाहता एकामागून एक दोन संत्री काढली. दोन्ही पिकलेली असण्याची संभाव्यता काढा.’

चिठ्ठीत लिहिले होते: ‘आदरणीय मॅडम, प्रश्न 4 मधील “एकामागून एक काढली” या शब्दांवरून पहिले संत्रे टोपलीत परत ठेवले की नाही, हे मला ठरवता आले नाही. परत न ठेवल्यास उत्तर 5/8 × 4/7 म्हणजे 5/14 येते. परत ठेवल्यास 5/8 × 5/8 म्हणजे 25/64 येते. मी पहिला अर्थ धरला असून तसे उत्तरपत्रिकेत नमूद केले आहे. कोणता अर्थ अपेक्षित होता, हे कृपया कळवावे.’

गुणांची मागणी नव्हती की प्रश्न चुकल्याचा आरोप नव्हता. संदिग्ध शब्द नेमके कोणते, त्यांचे अर्थ किती आणि त्यामुळे उत्तर कसे बदलते, एवढेच तिने मांडले होते. उत्तर बदलतच नसते, तर ती शंका केवळ भाषेची ठरली असती.

मोर्शी-वरुडच्या बागांत वाढलेल्या मुलाला काढलेले संत्रे पुन्हा टोपलीत टाकणे विचित्र वाटेल. गणिताच्या पुस्तकांत मात्र काढलेली वस्तू परत ठेवून प्रयोग करणे नित्याचे असते. त्यामुळे दोन्ही वाचने प्रामाणिक होती.

उत्तरपत्रिका चाळताना तेच दिसले. निष्काळजीपणाच्या चुका चहूकडे विखुरतात. येथे मात्र बहुतेक उत्तरे दोनच ठिकाणी गोळा झाली होती आणि दोन्हींमागची रीत शुद्ध होती. प्रश्न संदिग्ध असल्याची ही खूण मी चिठ्ठीसह प्राध्यापकांपुढे ठेवली. त्यांनी दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण देण्यास सांगितले.

तरीही या सवलतीला मर्यादा होती. काहींनी 5/8 × 4/8 असे मांडले होते. पिकलेले एक संत्रे कमी झाले, तर टोपलीतील एकूण संत्रीही सातच उरतात. हे उत्तर कोणत्याच अर्थाने बसत नाही. ती संदिग्धता नव्हे, चूकच. तेथे केवळ पहिल्या पायरीचे गुण दिले.

पुढील वर्षी त्याच प्रश्नात ‘पहिले परत न ठेवता’ हे शब्द आले. विद्यार्थ्यांनी प्रश्नातील संदिग्ध जागा दाखवावी ती अशी: शब्द उद्धृत करून, दोन्ही उत्तरे मांडून आणि निकाल लागण्याआधी.