आमच्या हेडसरांचं गॅदरिंगचं भाषण

बेळगावातल्या मराठी शाळांच्या गॅदरिंगवर या पानावर बऱ्याच जणांनी लिहिलंय. नाच, नाटकं, बक्षिसं, सगळं वाचलं. मी मात्र एका भाषणाबद्दल लिहिणार आहे. डिसेंबर 2024 मधलं भाषण. शाळा माझीच जुनी, आता तिथं माझा भाचा दहावीला होता. शाळेचं आणि सरांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही.

गॅदरिंगला हेडसरांचं भाषण म्हणजे अहवाल वाचन, हे आपल्याला ठाऊक आहे. लोक तेवढ्यात चहा पिऊन येतात. त्या दिवशी सरांनी अहवालाचे कागद बाजूला ठेवले आणि खिशातून एक गणिताची उत्तरपत्रिका काढली. शाळेनं घेतलेल्या सराव परीक्षेची. नावावर कागद चिकटवलेला. "80 पैकी 31," सर म्हणाले. "या पोराची आई माझ्याकडे येऊन रडली, की सर, याला गणित येतच नाही. आपण बघूया की, काय येत नाही ते."

मग त्यांनी गेलेल्या 49 गुणांचे तीन ढीग केले. पहिला ढीग, सोडवलेलंच नाही ते, वेळ संपला म्हणून: 22 गुण. दुसरा ढीग, रीत बरोबर पण चिन्ह चुकलं, आकडा उतरवताना चुकला: 9 गुण. तिसरा ढीग, खरंच न येणारं: 18 गुण. "म्हणजे न येणारं गणित 18 गुणांचं आहे. आणि घरात भीती 49 गुणांची भरलीय," सर म्हणाले. मांडवातली कुजबुज तिथंच थांबली.

पुढं ते एकेका ढिगाचा उपाय सांगत गेले. 22 गुणांचा ढीग अभ्यासाचा नव्हता, घड्याळाचा होता. पोरगा पहिल्याच अडलेल्या उदाहरणाला अर्धा तास चिकटून बसला होता. 80 गुण आणि तीन तास, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. तीन गुणांच्या उदाहरणाला सात मिनिटं. आठव्या मिनिटाला पेन उचलायचं, जागा सोडायची आणि पुढं जायचं. प्रश्नपत्रिका वाचायला पंधरा मिनिटं मिळतात, त्यात येणाऱ्या प्रश्नांवर मनात खूण करून ठेवायची आणि तिथूनच सुरुवात करायची. पहिले दोन प्रश्न हातातून नीट सुटले, की छातीतली धडधड आपोआप कमी होते. घाबरलेलं डोकं एकाच वेळी काळजीही करतं आणि गणितही, त्यामुळं आकडा हातचा सुटतो. दुसरा ढीग बराचसा तिथलाच.

तिसऱ्या ढिगासाठी त्यांनी एकच सांगितलं. वाचून झालं की पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर लिहून बघा. नुसतं परत परत वाचलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की येतंय असं वाटतं. पेपरात मात्र पुस्तक समोर नसतं. तो धक्का मार्चमध्ये बसण्यापेक्षा डिसेंबरात घरी बसलेला बरा.

आता पालकांची पाळी आली. सर म्हणाले, "घरी पेपर आला की 'किती पडले' विचारू नका. 'कुठला प्रश्न राहिला' विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पोरगं लपवतं, दुसऱ्याचं देतं." आणि बोर्डाच्या दिवसांत झालेल्या पेपरची जुळणी त्याच संध्याकाळी करायची नाही. त्यातून एक गुणही वाढत नाही, पुढच्या पेपराची झोप मात्र जाते.

पास होण्याचा हिशोबही त्यांनी मांडला, कारण निम्म्या घरांना तो माहीतच नसतो. तेव्हाच्या नियमाप्रमाणं गणिताला लेखी 80 आणि शाळेकडचे 20. लेखीत 28 लागत. म्हणजे ज्या 31 गुणांवर आई रडली, तो पोरगा त्या दिवशीही पास होता. शिवाय 2024 मध्ये एसएसएलसीच्या वर्षात तीन परीक्षा सुरू झाल्या होत्या. पहिलीत कमी पडले तर तेव्हा दुसरी, तिसरी देता येत होती आणि त्यातले चांगले गुण धरत. सरांनी त्याची मर्यादाही लपवली नाही. कॉलेजचे प्रवेश पहिल्या निकालानंतरच सुरू होतात, त्यामुळं ठराविक कॉलेजात सायन्सच हवं असणाऱ्याला पहिली परीक्षा महत्त्वाचीच. पण वर्ष वाया जाण्याची जी भीती आपल्या पिढीनं खाल्ली, ती आता तेवढी उरलेली नाही.

एक गोष्ट त्यांनी आवाज खाली आणून सांगितली. पोरगं पंधरा दिवस नीट झोपत नसेल, जेवण तोडलं असेल, जगण्याबद्दल वेडंवाकडं बोलत असेल, तर ते अभ्यासाचं दुखणं नव्हे. मग वेळापत्रक नको, डॉक्टर हवा. 14416 हा सरकारचा टेलिमानसचा नंबर त्यांनी दोनदा सांगितला आणि मुलांकडून मोठ्यानं म्हणून घेतला.

इथपर्यंत टाळ्या होत्या. शेवटचा मुद्दा आला आणि व्यासपीठावरच्या खुर्च्या हलायला लागल्या. "दडपण घरातच असतं असं नाही, आमच्या गेटवरही असतं," सर म्हणाले. "यंदा टक्क्यांचा फ्लेक्स लावायचा नाही असं मी कमिटीला सुचवणार आहे. पाच जणांचे फोटो लागतात, बाकीचे तीस जण वर्षभर त्याखालून ये-जा करतात."

माझ्या शेजारी बसलेले काका पटकन म्हणाले, "मग ॲडमिशन कोण देणार हो? त्या फ्लेक्सवर तर शाळा चालते." त्यांचंही खोटं नव्हतं. बेळगावात मराठी शाळेचा पहिलीचा वर्ग भरवणं काय असतं, ते आपल्याला नव्यानं सांगायला नको. शेजारची इंग्रजी शाळा चौकाचौकात टॉपर लावते आणि आपण गप्प बसलो तर पोरं तिकडं जातात. ही काळजी सरांनाही होतीच. कार्यक्रमानंतर अध्यक्षांशी त्यांचं बराच वेळ बोलणं चाललं होतं. दोघांचेही चेहरे लाल.

भाच्यानं घरी येऊन स्वतःच्या सगळ्या सराव पेपरांचे ढीग केले. वहिनी आधी वैतागली, "अभ्यास सोडून हे काय चाललंय रे?" चौथ्या पेपराला मात्र तीच विचारायला लागली, "आज पहिल्या ढिगात किती?" मार्चमध्ये त्याला गणितात लेखीला 47 पडले. सायन्स मिळालं नाही, कॉमर्सला गेला, बरा रमलाय.

शाळेचा निकाल शंभर टक्के लागला नाही. दोघं राहिले. फ्लेक्स लागला, कमिटीनं तेवढं ऐकलं नाही. पण त्यावर पाच चेहऱ्यांऐवजी अख्ख्या वर्गाचा एकच फोटो होता, राहिलेल्या दोघांसकट, आणि टक्के कुणाचेच नव्हते. पुढं हेडसर त्या दोघांना दुसऱ्या परीक्षेच्या केंद्रावर स्वतः स्कूटरनं सोडायला गेले. त्यातला एक तेव्हा सुटला. दुसऱ्यानं तिसरी परीक्षा दिली.