चिमूची व्हॅन बंद करताना

ताईनं नवीन घर घेतलंय, शाळेपासून चालत सात मिनिटांवर. त्यामुळे चिमूला, म्हणजे माझ्या पहिलीतल्या भाचीला, डिसेंबरपासून व्हॅन लागणार नाही. व्हॅनवाल्या काकांना तसा मेसेज लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी इंजिनिअर आणि दिवसभर मेलच लिहीत असतो. ऑफिसच्या सवयीनं डोक्यात आधी ‘धिस इज टू इन्फॉर्म यू’च आलं. पण काका हा मेसेज शाळा सुटायची वाट बघत, गेटसमोर गाडीत बसून वाचणार. तेव्हा मराठी, आणि पाच-सहा ओळींतच.

ताईचा स्वतःचा मसुदा एका ओळीचा होता: ‘काका, नेक्स्ट मंथपासून व्हॅन नको, ॲडव्हान्सचं बघा.’ यात दोन गोष्टी लटकतात. ‘पुढचा महिना’ म्हणजे कुठला, हे वाचणारा कधी वाचतो त्यावर ठरतं. त्यात कारण नाही, मग काकांना वाटणार की गाडी जोरात चालवली म्हणून किंवा मुलं भांडली म्हणून काढलं. अडीच वर्षं रोज सकाळी सातला बिल्डिंगखाली हॉर्न देणाऱ्या माणसाला तेवढी एक ओळ तरी मिळायला हवी.

खरा घोळ ॲडव्हान्सचा. अडीच वर्षांपूर्वी, जूनमध्ये ज्युनिअर केजीला व्हॅन लावली तेव्हा फी होती महिना 1,500 रुपये आणि एका महिन्याचा ॲडव्हान्स, तोही 1,500. मध्ये फी वाढून 1,800 झाली, ॲडव्हान्स तेवढाच राहिला. भावजींचं म्हणणं, नोव्हेंबरचे 1,800 नेहमीसारखे द्यायचे आणि डिसेंबरमध्ये 1,500 परत घ्यायचे. कागदावर बरोबर आहे. पण ते पैसे काकांनी डब्यात ठेवलेले नसतात. ते त्याच जूनमध्ये विम्यात नाहीतर टायरमध्ये गेलेले असतात. परत मागितले की ‘पाच तारखेनंतर देतो’ सुरू होतं, आणि ते खोटंही नसतं, कारण बाकीच्या पालकांची फीच पाच तारखेपर्यंत येते. त्यापेक्षा ॲडव्हान्स शेवटच्या महिन्यात वळता करावा. नोव्हेंबरचे 1,800 वजा 1,500, उरले 300. ते आपणच द्यायचे. कुणाच्या खिशातून काही परत काढायला लागत नाही.

भावजींनी अजून एक मुद्दा काढला: ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या सुट्टीत व्हॅन फार दिवस चाललीच नाही, मग फी पूर्ण का? मला हे पटलं नाही. गाडीचा हप्ता सुट्टीतही जातोच. महिन्याची फी म्हणजे वर्षाच्या खर्चाचा एक तुकडा, त्या महिन्यातल्या फेऱ्यांचं बिल नव्हे. आणि ऑक्टोबरचे पैसे देऊन झाले होते, तेव्हा काही न बोलता. आता शेवटच्या हिशोबात ते उकरणं म्हणजे निघताना भांडण काढणं.

काकांचं नुकसान मात्र खरं आहे. वर्षाच्या मध्येच एक सीट रिकामी होते, आणि नवीन मूल बहुतेक जूनमध्येच मिळतं. म्हणून मेसेज 3 नोव्हेंबरलाच पाठवायचा ठरवला, 28 ला नाही. त्याआधी ताईनं साडेदहाला फोन केला. सकाळची फेरी तेव्हा संपलेली असते आणि माणूस निवांत बोलतो. मेसेज नंतर, आकडे लक्षात राहावेत म्हणून. तोही ताईच्याच फोनवरून, कारण काकांकडे तिचा नंबर ‘चिमू मम्मी’ नावानं सेव्ह आहे. माझ्या अनोळखी नंबरवरून गेला असता तर कोणाची व्हॅन बंद, हेच कळलं नसतं.

शेवटी गेलेला मेसेज हा:

> काका नमस्कार, चिमूची आई. सकाळी बोलल्याप्रमाणे आम्ही शाळेजवळ राहायला जातोय, म्हणून 1 डिसेंबरपासून चिमूची व्हॅन बंद करतो. शेवटचा दिवस शुक्रवार, 28 नोव्हेंबर.
> ॲडव्हान्स 1,500 आहे, तो नोव्हेंबरच्या फीत धरा. 1,800 मधले राहिलेले 300 आज पाठवते. म्हणजे हिशोब पूर्ण होतो. काही वेगळं असेल तर सांगा.
> आमच्या जुन्या बिल्डिंगमधून कुणी विचारलं तर तुमचाच नंबर देईन.

‘काही वेगळं असेल तर सांगा’ हे मी मुद्दाम ठेवलं. त्यांच्या वहीत एखादी नोंद आपल्याला माहीत नसलेली असू शकते, आणि ती डिसेंबरात निघण्यापेक्षा आत्ता निघालेली बरी.

उत्तर दुपारी आलं, अकरा सेकंदांचा व्हॉइस मेसेज, मागे मुलांचा गोंगाट: ‘हो ताई, चालेल, बरोबर आहे हिशोब. आणि तिची पाण्याची बाटली गाडीत राहिलीये शुक्रवारपासून, उद्या देतो.’